दार बंद, दिवा चालू

दार लावलं, उघडून पुन्हा जोरात आपटलं, तरी डॅशबोर्डवरचा 'दार उघडे'चा लाल दिवा जात नाही. दार तर घट्ट बसलेलं असतं. अशा वेळी संशय घ्यावा तो लॅचमधल्या नखाएवढ्या स्विचवर.

जुन्या गाड्यांत हा स्विच दाराच्या चौकटीवर, रबरी टोपी घातलेल्या बटणासारखा दिसायचा. तो गंजला की हाताने दाबून पाहता यायचा. आता बहुतेक गाड्यांत तो दाराच्या आत, लॅचमध्येच असतो. चौकटीवरच्या कडीला लॅचमधला आकडा विळखा घालतो आणि त्या फिरण्यावरून स्विचला दार लागल्याचं कळतं. पाणी, धूळ आणि घट्ट झालेलं ग्रीस यांनी त्याचे संपर्क खराब झाले, की दार लागूनही निरोप मात्र जुनाच जात राहतो. अमेरिकेत 2014 साली फोर्ड एज या गाडीबद्दल अशाच तक्रारी आल्या आणि तिथल्या वाहन-सुरक्षा यंत्रणेने चौकशी सुरू केली होती.

दोष स्विचचा की दाराच्या बसण्याचा, हे घरच्या घरी तपासता येतं. दार उघडंच ठेवायचं. स्क्रूड्रायव्हरने लॅचमधला आकडा बंद होण्याच्या दिशेने ढकलायचा. दोनदा 'खट्' असा आवाज येतो. पहिला अर्धवट बंदचा, दुसरा पूर्ण बंदचा. दुसऱ्यानंतर दिवा विझला, तर स्विच ठीक आहे. कडी सरकली आहे का, दाराचं रबर फुगलं आहे का ते पाहावं. विझला नाही, तर स्विच किंवा वायर. मात्र दार लावण्याआधी हँडल ओढून आकडा मोकळा करायला विसरू नये, नाहीतर तो कडीवर आदळतो.

डिक्कीचं गणित थोडं वेगळं. तिथे झाकणाच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतून वायर जाते आणि हजारदा वाकून आतल्या आत तुटते. झाकण हलवताना दिवा लुकलुकला, तर आधी तीच नळी उघडून पाहावी.

दुर्लक्ष केलं तर? डिक्कीतला 5 वॅटचा बल्ब ताशी साधारण 0.4 अँपिअर-तास खातो. 35 अँपिअर-तासांची बॅटरी त्याने तीन दिवसांत जवळपास रिकामी होते. काही गाड्या ठरावीक वेळाने दिवे आपोआप बंद करतात, सगळ्याच नाहीत. शिवाय दार उघडं आहे असं समजून सेंट्रल लॉकिंगही अडून बसतं.

कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून दार वीसेकदा उघडबंद केलं, तर कधीकधी स्विच सुधारतो, पण गंज खोल गेला असेल तर तक्रार परत येते. मग अनेक गाड्यांत स्विच सुटा मिळत नसल्यामुळे अख्खं लॅच बदलावं लागतं. वायरी जोडून दिवा कायमचा 'गप्प' करण्याची गॅरेजवाल्याची सूचना मात्र साफ नाकारावी: नंतर दार खरंच अर्धवट लागलं, तरी गाडी काही सांगणार नाही.