रुपयाची घसरण : एकास लाभ, दुसऱ्यास तोटा

विरारहून सकाळी सुटणाऱ्या लोकलने अंधेरीस उतरणाऱ्यांत दोन प्रकारचे नोकरदार आढळतात. काही १९७३ साली स्थापन झालेल्या 'सीप्झ' या निर्यात क्षेत्रातील सॉफ्टवेअर कंपन्यांत जातात, तर काही विमानतळावर. रुपया घसरला की शेअर बाजारात पहिल्यांच्या कंपन्यांचे भाव बहुधा चढतात आणि दुसऱ्यांच्या कंपन्यांचे उतरतात. असे का व्हावे?

एक काल्पनिक सॉफ्टवेअर कंपनी घेऊ. तिला अमेरिकेतील ग्राहकाकडून १०० डॉलर मिळतात. त्यांपैकी ४० डॉलर परदेशातच खर्च होतात. येथील पगार व भाडे यांवर २,४५० रुपये लागतात. डॉलर ७० रुपयांस असता तिला १,७५० रुपये नफा होतो. डॉलर ७३.५० झाला, तर येथील खर्च तेवढाच राहतो. नफा मात्र १,९६० रुपये होतो. म्हणजे डॉलर ५ टक्क्यांनी महागला आणि नफा १२ टक्क्यांनी वाढला.

विमान कंपनीची स्थिती याच्या उलट असते. देशांतर्गत प्रवासाचे भाडे तिला रुपयांत मिळते. विमानांचे भाडे व सुटे भाग यांचे पैसे मात्र बहुधा डॉलरमध्ये द्यावे लागतात. इंधन येथेच विकत घेतले, तरी त्याचा दर जागतिक डॉलर-दरावरून ठरतो. समजा, तिचे उत्पन्न १०,००० रुपये आणि खर्च ९,६०० रुपये असून त्यांपैकी ५,००० डॉलरशी निगडित आहेत. डॉलर ५ टक्क्यांनी महागताच खर्च २५० रुपयांनी वाढतो आणि ४०० रुपयांचा नफा १५० वर येतो. तिकीट महाग करावे, तर प्रवासी प्रतिस्पर्ध्याकडे जातो.

२०१८ साली हे प्रत्यक्ष दिसले. जानेवारीत सुमारे ६४ रुपयांचा डॉलर ऑक्टोबरमध्ये ७४ च्या घरात गेला. त्याच सुमारास खनिज तेलही महागले. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत इंडिगोस ६५२ कोटी रुपयांचा तोटा झाला. बाजारात नोंदणी झाल्यानंतरचा तो तिचा पहिलाच तिमाही तोटा होता. सॉफ्टवेअर कंपन्यांचा निर्देशांक मात्र त्या वर्षी वाढला.

तथापि हा नियम अटळ नव्हे. २०२२ मध्ये रुपया ७४ वरून ८२ च्या पलीकडे घसरला, तरीही सॉफ्टवेअर कंपन्यांचा निर्देशांक सुमारे चतुर्थांशाने खाली आला. अमेरिकेत व्याजदर वाढत होते आणि तेथील ग्राहक नवी कामे कमी देतील, अशी धास्ती होती. डॉलरमागे रुपये अधिक मिळाले, तरी मिळणारे डॉलरच घटले, तर लाभ उरत नाही. शिवाय अनेक कंपन्या पुढील काही महिन्यांचे डॉलर ठरलेल्या दराने आगाऊ विकून ठेवतात. त्यामुळे घसरणीचा लाभ त्यांना उशिरा व कमी प्रमाणात मिळतो.

म्हणून रुपया घसरल्याचे वृत्त वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात : कंपनीची मिळकत व खर्च कोणत्या चलनांत आहेत आणि रुपया कोणत्या कारणाने घसरला आहे.