दोष औषधाचा की दुखण्याचा?

वॉर्डातली रात्र. ऐंशीच्या पुढच्या आजी दोन दिवसांपासून भ्रमात आहेत, सलाइनची नळी उपसून टाकतात, कुणाला ओळखत नाहीत. ड्यूटीवरचे डॉक्टर हॅलोपेरिडॉल लिहितात. तिसऱ्या दिवशी आजी जातात. नोंदवहीत उरतात दोनच गोष्टी: हॅलोपेरिडॉल आणि मृत्यू. औषध सुरू केलं तेव्हाच त्यांचा अंत जवळ आला होता, हे त्या नोंदीत कुठेच नसतं.

औषध ज्या कारणासाठी दिलं, तेच कारण परिणामाच्याही मुळाशी असेल तर दोघांची सरमिसळ होते. संशोधक त्याला ‘कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन’ म्हणतात. अँटिसायकोटिक औषधांच्या बाबतीत हा प्रश्न फार मोठा ठरला. एप्रिल २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला, की स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये नव्या अँटिसायकोटिक्समुळे मृत्यूचा धोका वाढतो. त्यामागे १७ चाचण्या होत्या. साधारण दहा आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, तर नकली गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के. मग डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांकडे वळावं का? त्यासाठी तशा चाचण्या हाताशी नव्हत्या. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या ६५ वर्षांवरच्या जवळपास २३ हजार रुग्णांच्या नोंदी तपासून वांग आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं: पहिल्या १८० दिवसांत जुन्या औषधांच्या गटात मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त.

आता सरमिसळ कशी होते ते आकड्यांत पाहू. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. हॅलोपेरिडॉल मिळालेले १००० रुग्ण, त्यांपैकी ६०० अगदी खंगलेले. रिस्पेरिडोन मिळालेले १०००, त्यांत खंगलेले फक्त २००. समजा, औषध कोणतंही असो, खंगलेल्यांपैकी ३० टक्के दगावतात आणि बाकीच्यांपैकी ५ टक्के. म्हणजे दोन्ही औषधांत काडीचाही फरक नाही. तरी पहिल्या गटात मृत्यू होतात १८० अधिक २०, म्हणजे २००; दुसऱ्यात ६० अधिक ४०, म्हणजे १००. निर्दोष औषध दुप्पट घातक दिसतं!

प्रोपेन्सिटी स्कोअर ही कल्पना रोझेनबाम आणि रुबिन यांनी १९८३ मध्ये मांडली. औषध सुरू होण्याआधी जे ठाऊक होतं, त्यावरून या रुग्णाला हॅलोपेरिडॉलच मिळण्याची शक्यता किती होती, ती हा स्कोअर सांगतो. आपल्या उदाहरणात ८०० खंगलेल्यांपैकी ६०० जणांना ते मिळालं, म्हणून त्यांचा स्कोअर ०.७५, बाकीच्या १२०० पैकी ४०० जणांना मिळालं, म्हणून त्यांचा ०.३३. सारख्या स्कोअरच्या जोड्या लावल्या की खंगलेल्यांच्या २०० आणि इतरांच्या ४०० जोड्या जमतात. दोन्ही बाजूंना ६० अधिक २०, म्हणजे ८० मृत्यू. तफावत नाहीशी होते. मात्र हॅलोपेरिडॉलचे ४०० खंगलेले रुग्ण जोडीविना बाहेर राहतात, त्यांच्याबद्दल हे उत्तर काही सांगत नाही. हे लेखात स्पष्ट लिहायलाच हवं.

प्रत्यक्षात वय, हृदयविकार, कर्करोग, आधीची औषधं अशा कित्येक गोष्टी एकाच स्कोअरमध्ये येतात. औषध सुरू झाल्यानंतरची कोणतीही गोष्ट त्यात घालायची नाही, कारण ती औषधाचाच परिणाम असू शकते. जुळणी नीट झाली की नाही, हे पी-व्हॅल्यूवरून ठरवू नये. रुग्णसंख्या घटली की ती आपोआप दिलासादायक दिसू लागते. प्रत्येक घटकातला दोन गटांमधला फरक प्रमाण विचलनाच्या दहाव्या भागापेक्षा कमी आहे का, ते पाहावं. कोणाला कोणतं औषध मिळेल हे स्कोअर किती अचूक ओळखतो, ही बढाईही निरर्थक आहे. तो फारच अचूक ओळखत असेल तर दोन गटांत एकमेकांसारखे रुग्णच उरलेले नाहीत.

खरी अडचण पुढेच आहे. स्कोअर नोंदीत असलेल्या गोष्टीच जुळवतो. आजी अंथरुणाला खिळल्या होत्या का, दोन दिवस पाणीसुद्धा घेत नव्हत्या का, हे बिलांच्या नोंदीत येत नाही. वांग यांच्या अभ्यासात धोका औषध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त होता. औषधच घातक असेल तरी असं दिसेल, आणि मरणपंथाला लागलेल्यांनाच ते दिलं असेल तरीही. इथे ई-व्हॅल्यू उपयोगी पडते. ३७ टक्क्यांचा फरक पूर्ण पुसण्यासाठी नोंदीबाहेरच्या घटकाचा औषधाच्या निवडीशी आणि मृत्यूशी, दोन्हींशी साधारण २.१ पट संबंध असावा लागेल. मृत्यूशी तेवढा संबंध अखेरच्या अवस्थेचा असतोच, पण निवडीशी होता का? माझ्या मते हे अशक्य म्हणता येत नाही, म्हणून ३७ हा आकडा मी एकट्याने कधीच वापरणार नाही.

जून २००८ मध्ये एफडीएने इशारा जुन्या औषधांनाही लागू केला. वाढलेले मृत्यू कितपत औषधामुळे आणि कितपत रुग्णांच्या स्थितीमुळे, हे स्पष्ट नाही, अशी कबुली हॅलोपेरिडॉलच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात त्या इशाऱ्यासोबतच छापलेली आहे.