आटल्यावरचं वजन खरं

इफ्तारच्या दस्तरखानावर घट्ट चनादाल गोश्त असतं, आणि ते खाणाऱ्यांत एखाद्या मधुमेही रोजेदाराला वाटीत किती कर्बोदकं गेली हे मोजावं लागतं. त्यासाठी हिशोब सोपा आहे. फक्त कुठलं वजन धरायचं ते ठाऊक हवं.

आधी रिकामं पातेलं तोलून आकडा लिहून ठेवावा. समजा, 1150 ग्रॅम. मग जिन्नस कच्चेच तोलावेत, डाळ भिजवण्यापूर्वी. बिनहाडाचं मटण 500 ग्रॅम, चनाडाळ 250, कांदा 200, टोमॅटो 150, तेल 50 आणि पाणी 1250. एकूण 2400 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांतून प्रत्येकाची प्रथिनं, स्निग्धांश आणि कर्बोदकं घेऊन बेरीज करावी. अशी बेरीज ढोबळमानानं प्रथिनं 158, स्निग्धांश 103 आणि कर्बोदकं 140 ग्रॅम भरते. कर्बोदकांचा मोठा वाटा डाळीचाच, सुमारे 117.

मंद आचेवर सालन आटतं. वाफेबरोबर जातं ते पाणी. पोषक घटक पातेल्यातच राहतात. आच बंद करून, वाढण्याआधी पातेल्यासकट तोलावं. काट्यावर 2950 ग्रॅम आले, तर पातेलं वजा जाता सालन 1800 ग्रॅम. 140 ला 1800 नं भागून शंभरनं गुणलं की शंभर ग्रॅममागे कर्बोदकं 7.8 येतात. त्याच रीतीनं प्रथिनं 8.8 आणि स्निग्धांश 5.7. दोनशे ग्रॅमच्या वाटीत कर्बोदकं साधारण 16 ग्रॅम.

कच्च्या 2400 नं भागलं तर तीच वाटी 12 ग्रॅमची दिसते. पाणी मुळीच धरलं नाही आणि 1150 नं भागलं, तर 24 ची. सालन एकच, पण उत्तर दुप्पट.

सेहरीला तेच सालन पुन्हा गरम केलं की आणखी आटतं. रात्री 900 ग्रॅम उरलं होतं, म्हणजे त्यात निम्मी, 70 ग्रॅम कर्बोदकं. गरम केल्यावर ते 780 भरलं, तर शंभर ग्रॅममागे आकडा 9 होतो. रात्रीचा आकडा सकाळी चालत नाही, पुन्हा तोलावं लागतं. घट्ट झालं म्हणून पाणी घातलं, तरी तसंच.

दोन गोष्टी हिशोब बिघडवतात. वर आलेली तर्री न ढवळता वाढली, तर एकाच्या वाटीत तेल जास्त जातं आणि दुसऱ्याच्या वाटीत डाळ. हाडं असतील तर ती शेवटच्या वजनात मोजली जातात, म्हणून जेवणानंतर गोळा करून, तोलून वजा करावीत. मटणाची चरबी तुकड्यागणिक बदलते, त्यामुळे स्निग्धांशाचा आकडा अंदाजाचाच राहतो. कर्बोदकांचा आकडा मात्र डाळ नीट तोलली असेल तर बराच भरवशाचा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा आकडा आपल्या डॉक्टरांना दाखवावा. डोस तेच ठरवतील.