एक टक्का, पण कशावर?

जीएसटी क्रमांकासाठी अर्ज भरताना REG-01 या फॉर्मच्या Business Details या पानावर एक साधा प्रश्न समोर येतो: Option For Composition, हो की नाही? बहुतेक दुकानदारांच्या वतीने अर्ज दुसराच कुणी तरी भरत असतो. तो विचारतो, “कंपोझिशन घालू का? एकच टक्का लागतो.” अठरा टक्क्यांच्या जगात एक टक्का ऐकल्यावर नको कोण म्हणेल? पण हा एक टक्का कशावर लागतो आणि त्याच्या बदल्यात काय सोडावं लागतं, हे त्या क्षणी क्वचितच कुणी सांगतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलला कुणी हार्डवेअरचं दुकान काढतंय असं धरू. नळ, पाइप, वायर, रंग, खिळे आणि थोडं सिमेंट. वर्षाला साठ-सत्तर लाखांची विक्री होईल असा अंदाज. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही, पण हे दुकान ती रेषा ओलांडणार. कंपोझिशनची मर्यादा दीड कोटींची, म्हणजे तीही वाट मोकळी आहे.

रेग्युलर नोंदणीत दुकानदार खरेदीवर भरलेला कर विक्रीवर गोळा केलेल्या करातून वजा करतो आणि उरलेला सरकारकडे भरतो. खरेदीवरच्या या वजावटीला व्यापारी ‘आयटीसी’ किंवा नुसतं ‘क्रेडिट’ म्हणतात. कंपोझिशनमध्ये क्रेडिट मिळत नाही आणि गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताही येत नाही. दुकानदाराने आपल्या करपात्र विक्रीवर एक टक्का, अर्धा केंद्राला आणि अर्धा राज्याला, स्वतःच्या खिशातून भरायचा.

आता नळाचा हिशेब मांडू. हजार रुपयांचा नळ, त्यावर अठरा टक्क्यांनी 180 रुपये कर, म्हणजे दुकानात आला 1,180 रुपयांना. दुकानदार त्यावर दीडशे रुपये कमावू पाहतो. रेग्युलर असेल तर 1,150 अधिक 207 कर, असे 1,357 रुपये घेईल आणि 207 मधून 180 वजा करून सरकारला 27 रुपये देईल. कंपोझिशनवाल्यानेही नळ 1,357 लाच विकला, तर त्याला कर पडेल 13 रुपये 57 पैसे. म्हणजे एका नळामागे साडेतेरा रुपये जास्तीचे सुटले. गिऱ्हाईक घर बांधणारा साधा माणूस असेल तर त्याला काहीच फरक पडत नाही, त्याला शेवटचा आकडा तेवढा कळतो.

सिमेंटच्या पोत्यावर मात्र उलटं होतं. सिमेंटवर 22 सप्टेंबर 2025 पासून अठरा टक्के कर आहे, आणि किरकोळ विक्रेत्याला त्यात फारच थोडं सुटतं. तीनशे रुपये अधिक 54 कर अशी खरेदी आणि पोत्यामागे बारा रुपये नफा धरा. रेग्युलर दुकानदार 312 वर 56 रुपये 16 पैसे कर लावेल आणि सरकारला जेमतेम 2 रुपये 16 पैसे भरेल. कंपोझिशनवाला तेच पोतं 368 ला विकून 3 रुपये 68 पैसे भरेल. एक टक्का अठरापेक्षा महाग पडला! कारण उघड आहे. रेग्युलरमधला अठरा टक्के कर शेवटी फक्त नफ्यावर पडतो आणि कंपोझिशनचा एक टक्का सगळ्या विक्रीवर.

गणित सोडवलं तर अठरा टक्क्यांच्या मालात खरेदीवर साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त सुटत असेल तरच कंपोझिशन परवडतं. पाच टक्क्यांच्या मालात ही रेषा थेट सव्वीस-सत्तावीस टक्क्यांवर जाते. हजाराचा माल 50 रुपये करासह घेतला आणि शंभर रुपये नफ्याने विकला, तर रेग्युलरला कर पाच रुपये, कंपोझिशनला साडेअकरा. सप्टेंबर 2025 मध्ये बाराच्या टप्प्यातला बराच माल पाचवर आला. त्या मालाचे जे दुकानदार आधीपासून कंपोझिशनमध्ये आहेत, त्यांचा जुना हिशेब त्या दिवशीच जुना झाला. माझ्या मते हा योजनेतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे, आणि त्यासाठी सल्लागाराचीही गरज नाही; गेल्या महिन्याची खरेदी-विक्रीची बिलं पुरतात.

याहून मोठा प्रश्न गिऱ्हाईक कोण हा. कागलच्या दुकानात नोंदणी असलेला एक ठेकेदार येतो. रेग्युलर दुकानातून तो नळ 1,357 ला घेतो, पण त्यातले 207 रुपये त्याला क्रेडिट म्हणून मिळतात. त्याच्या दृष्टीने नळ 1,150 चा. कंपोझिशनवाल्याच्या बिलावर कर दाखवलेलाच नसतो, म्हणून क्रेडिट शून्य, आणि नळ पुरत्या 1,357 चा. ठेकेदार म्हणणार, “मला साडेअकराशेला दे.” दुकानदाराला तो पडलाय 1,180 ला. दिला तर तीस रुपये तोटा, वर साडेअकरा रुपये कर. रेग्युलर असता तर याच नळावर दीडशे रुपये सुटले असते. फरक झाला 191 रुपयांचा, म्हणजे घरगुती गिऱ्हाइकांना चौदा नळ विकून जे वाचवलं ते एका ठेकेदाराच्या नळात गेलं. प्रत्यक्षात दुकानदार तोट्यात विकत नाही आणि ठेकेदार दुसऱ्या दुकानात जातो. ज्यांना स्वतःलाच क्रेडिट घेता येत नाही, उदाहरणार्थ पाच टक्के कर लावणारं साधं हॉटेल, त्यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. म्हणून अर्जावर ‘हो’ म्हणण्याआधी आपल्याकडे बिलावर जीएसटी क्रमांक घालून मागणारे किती जण येतील, एवढं मोजावं. दोन्ही प्रकार एकाच नावावर चालवता येत नाहीत. निवड पॅनवर होते. त्या पॅनवरची सगळी दुकानं, सगळा माल एकाच पद्धतीत जातो. सिमेंट रेग्युलर आणि नळ कंपोझिशन असं नाही.

बिलाचे नियम थोडे आहेत, पण चुका तिथेच होतात. कंपोझिशनवाल्याने टॅक्स इनव्हॉइस द्यायचं नाही, ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यायचं. त्याच्या माथ्यावर ‘कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन, नॉट एलिजिबल टू कलेक्ट टॅक्स ऑन सप्लाइज’ हे शब्द हवेत, आणि दुकानाच्या पाटीवरही ‘कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन’ असं ठळक लिहायला हवं. पाटीचा नियम बाजारात किती जण पाळतात ते चालता चालता दिसतंच. खरी गडबड होते ती बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. नव्या कॉम्प्युटरवर कुणी तरी रेग्युलरची सेटिंग करून देतो आणि बिलावर नऊ-नऊ टक्के सीजीएसटी, एसजीएसटी छापून येऊ लागतं. असा कर घेणं या योजनेत बेकायदा आहे, आणि कर म्हणून जे घेतलं ते सरकारला भरावंच लागतं. पहिलं बिल छापलं की त्यावर कराचा रकाना आहे का, हे दुकानदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. गिऱ्हाइकालाही तपासता येतं: बिलावरचा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की Taxpayer Type समोर Composition असं दिसतं.

कागल निवडलं ते दुसऱ्या एका बंधनासाठी. पलीकडे निपाणी आहे, आणि ते कर्नाटकात. कंपोझिशनवाल्याला परराज्यातून माल आणता येतो, पण परराज्यात विकता येत नाही. निपाणीचा माणूस गल्ल्यावर येऊन रोख देऊन नळ घेऊन गेला तर काय? नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत 1 ऑक्टोबर 2023 पासून नियम असा आहे की बिलावर त्याचा पत्ता लिहिला असेल तर विक्री त्या पत्त्यावर झाली असं धरायचं. पत्ता नसेल तर दुकानाच्या जागी. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिल्यासारखंच. म्हणजे ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे सवयीने ‘निपाणी, कर्नाटक’ टाकलं की ती विक्री आंतरराज्य ठरते आणि त्या दिवसापासून योजनेची पात्रताच जाते. मग पूर्ण दराने कर आणि दंड अशी मागणी येऊ शकते. निपाणीला टेम्पोने माल पोचवून देण्याचा तर प्रश्नच नाही.

क्रेडिट नाही याची झळ मालापुरती थांबत नाही. दुकान उभं करताना घेतलेले रॅक, कॉम्प्युटर, वजनकाटा, इन्व्हर्टर यांवरचा सगळा कर खर्चात जातो. बिल्टी देणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याने भाड्यावर कर लावला नसेल, तर पाच टक्के रिव्हर्स चार्ज दुकानदाराने रोख भरायचा, आणि तो एक टक्क्याच्या वर. एक सवलत मात्र आहे: नोंदणी नसलेल्या मालकाकडून गाळा भाड्याने घेतला तर रेग्युलर दुकानदाराला भाड्यावर अठरा टक्के रिव्हर्स चार्ज लागतो, कंपोझिशनवाल्याला त्यातून वगळलंय.

कागदपत्रं मात्र खरोखर कमी लागतात. तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या 18 तारखेपर्यंत CMP-08 भरून कर द्यायचा आणि वर्षाचं GSTR-4 जूनअखेर. एकट्याने दुकान चालवणाऱ्याला ही सोय हजार-दोन हजारांच्या फरकापेक्षा मोलाची वाटू शकते, आणि ते चूक नाही.

अर्जात ‘नाही’ झालं आणि नंतर कंपोझिशन हवं असेल, तर CMP-02 आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी, म्हणजे 31 मार्चपर्यंत भरावा लागतो. मधल्या काळात आत येता येत नाही. आत येताना शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. बाहेर पडायला मात्र वर्षात कधीही मोकळीक आहे. उलाढालीने दीड कोटी ओलांडले किंवा ठेकेदारांची गिऱ्हाइकी वाढली, की CMP-04 भरायचा. अट मोडल्यामुळे बाहेर पडत असाल तर सात दिवसांच्या आत. त्यानंतर तीस दिवसांत ITC-01 भरला तर त्या दिवशी दुकानात पडून असलेल्या मालावरचं क्रेडिट मिळतं. रॅक-कॉम्प्युटरवरचंही मिळतं, पण खरेदीपासूनच्या प्रत्येक तिमाहीला पाच टक्के कापून. खरेदीचं बिल वर्षाच्या आतलं हवं, आणि मागितलेली रक्कम दोन लाखांच्या वर गेली तर सीएचा दाखला लागतो. म्हणून क्रेडिट मिळत नसलं तरी कंपोझिशनवाल्याने खरेदीची बिलं मालाच्या नगांसकट नीट लावून ठेवावीत. गोदामात कुठला नळ कुठल्या बिलाचा, हे त्या तीस दिवसांत सांगता यायला हवं.