वैद्यकीय संदर्भपत्र

वैद्यकीय संदर्भपत्र म्हणजे एखाद्या रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टराने त्या रुग्णाबाबत विशेषज्ञाला लिहिलेले पत्र होय. रुग्णाची पूर्वपीठिका, तपासणीत आढळलेल्या गोष्टी, आतापर्यंत केलेले उपचार आणि विशेषज्ञाकडून नेमके काय हवे आहे, हे त्यात थोडक्यात मांडलेले असते. बोलीभाषेत याला 'रेफरल चिठ्ठी' किंवा नुसते 'चिठ्ठी' म्हणतात. शासकीय आरोग्यव्यवस्थेत वरच्या स्तरावरील उपचारांना 'संदर्भ सेवा' हा शब्द रूढ आहे.

भारतात असे पत्र देणे हा केवळ शिष्टाचाराचा भाग नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार, रुग्णाला विशेषज्ञाकडे पाठवताना त्याच्या आजाराचा सारांश विशेषज्ञाला द्यावा लागतो आणि विशेषज्ञाने आपले मत पाठवणाऱ्या डॉक्टराला लेखी कळवायचे असते. म्हणजे मूळ कल्पनेत पत्रे दोन आहेत. व्यवहारात पहिले पत्र बहुधा लिहिले जाते, दुसरे मात्र क्वचितच परत येते.

मुळशीतील संदर्भ

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका पुणे शहराच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पसरलेला आहे. तालुक्याचे मुख्यालय पौड येथे आहे. डोंगराळ भागासाठीच्या निकषानुसार एक प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण २०,००० लोकसंख्येसाठी असते, आणि त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय येते. दुर्बिणीने आतड्यांची तपासणी, हृदयाची विशेष तपासणी किंवा कर्करोगावरील उपचार यांसाठी रुग्णाला पुण्याला, बहुधा ससून सर्वोपचार रुग्णालयात, जावे लागते.

ताम्हिणी घाटाच्या बाजूच्या वाडीवस्तीवरील रुग्णासाठी ही पुण्याची फेरी म्हणजे पूर्ण एक दिवस असतो. एसटीची वेळ, केसपेपरची रांग, बरोबर येणाऱ्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी, आणि भाताच्या लावणीचे दिवस असतील तर त्या कामाचा खोळंबा, हे सगळे त्यात येते. पत्र संदिग्ध असल्यामुळे रुग्ण चुकीच्या विभागात पोहोचला, तर हाच दिवस पुन्हा काढावा लागतो. अनेक रुग्ण तो दुसऱ्यांदा काढत नाहीत. संदर्भपत्रातील प्रश्न अचूक असण्याचे महत्त्व शहरापेक्षा अशा भागात अधिक असते ते यामुळे.

एक उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. मात्र असे रुग्ण या भागातील बाह्यरुग्ण विभागांत नेहमी दिसतात.

मुळशी खोऱ्यातील ५४ वर्षांची एक शेतकरी स्त्री थकवा आणि चढावर लागणारी धाप घेऊन येते. तिचे हिमोग्लोबिन ७.२ ग्रॅम असते. तिला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या जातात. भातखाचरात अनवाणी काम करणाऱ्यांच्या पायाच्या त्वचेतून अंकुशकृमीच्या अळ्या शरीरात शिरतात आणि पुढे हे कृमी आतड्यात रक्त शोषतात. म्हणून तिला जंतनाशक अल्बेंडाझोलही दिले जाते. बारा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ७.६ एवढेच भरते. गोळ्या नीट घेतल्या आणि रक्त कोठून जात नसेल, तर महिन्याभरातच ते एक-दोन ग्रॅमने वाढायला हवे होते. आता तिला पुण्याला पाठवायचे ठरते.

या टप्प्यावर पुष्कळदा पुढील पत्र लिहिले जाते: 'तीव्र रक्तक्षय. कृपया तपासून योग्य ते करावे.' यात खोटे काहीच नाही, पण प्रश्नही नाही. हे पत्र ज्याच्या हाती पडेल तो डॉक्टर आपल्या विभागाच्या नजरेतून त्याचा अर्थ लावील. स्त्री आणि रक्तक्षय एवढेच दिसल्यावर तिला स्त्रीरोग विभागात पाठवले जाण्याची शक्यता मोठी. तेथे सोनोग्राफी होईल, ती ठीक निघेल आणि गोळ्या चालू ठेवण्याचा सल्ला मिळून ती घरी परतेल. सामान्य औषधोपचार विभागात गेली, तर रक्ताच्या त्याच तपासण्या पुन्हा होतील.

तेच पत्र असे लिहिता येते:

'जठरांत्रमार्ग विभागासाठी. दोन आठवड्यांच्या आत तपासणी व्हावी ही विनंती.

प्रश्न: गोळ्यांना दाद न देणाऱ्या या लोहन्यूनतेमागे अन्नमार्गातील न दिसणारा रक्तस्राव आहे काय? जठर आणि मोठे आतडे या दोन्हींची दुर्बीण तपासणी करावी असे वाटते.

पूर्वपीठिका: वय ५४, स्त्री. चार महिने थकवा, चढावर धाप. मासिक पाळी चार वर्षांपूर्वी बंद, त्यानंतर अंगावरून रक्त गेलेले नाही. सहा महिन्यांत वजन ४६ वरून ४२ किलो. रक्ताची उलटी, गिळताना त्रास नाही. शौच सध्या काळसर, परंतु लोहाच्या गोळ्या सुरू होण्यापूर्वी रंग नेहमीचा होता. घराण्यात आतड्याचा कर्करोग नाही.

औषधे: गुडघेदुखीसाठी दोन वर्षे डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम, आठवड्यातून तीन-चार वेळा, दुकानातून आणून, आता बंद केले. अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम रोज. लोहाची एक गोळी रोज, १२ आठवडे, नियमित. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम एकदा. औषधाची अॅलर्जी नाही.

तपासणी: फिकटपणा स्पष्ट. नाडी ९६, रक्तदाब १३०/८०. पोटात गाठ लागत नाही. गुदमार्गाच्या तपासणीत गाठ वा मूळव्याध नाही.

अहवाल: हिमोग्लोबिन ७.२, बारा आठवड्यांनी ७.६. एमसीव्ही ६४. फेरिटिन ५. क्रिएटिनिन, रक्तशर्करा व लघवी तपासणी सामान्य. प्रती सोबत.

रुग्णाला सांगितलेले: रक्त कोठून जाते ते शोधायचे आहे, त्यासाठी दुर्बिणीने तपासतील.'

हे पत्र एका पानात बसते, आणि प्रश्न सुरुवातीलाच येतो. पूर्वपीठिका, मग तपासणी, मग अहवाल आणि अखेरीस प्रश्न असा पाठ्यपुस्तकी क्रम वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र पत्राच्या पहिल्या दोन-तीन ओळीच निश्चितपणे वाचल्या जातात. प्रश्न आधी कळला, की पुढची माहिती त्याच्या अनुषंगाने वाचली जाते.

प्रत्येक ओळीचे काम

वरील पत्रात भरतीसाठी घातलेली ओळ नाही. पाळी चार वर्षांपूर्वी बंद झाली, या वाक्याने स्त्रीरोगाची वाट बव्हंशी बंद होते. फेरिटिन ५ असल्याने शरीरातील लोहाचा साठा संपला आहे, हे सिद्ध होते. गोळ्या 'नियमित' घेतल्या हा शब्द नसता, तर विशेषज्ञाची पहिली शंका तीच असती. नकारात्मक नोंदीही याच हेतूने निवडलेल्या आहेत: गिळताना त्रास नाही, रक्ताची उलटी नाही. ज्या 'नाही'मुळे निदानाची दिशा बदलत नाही, अशा नोंदी गाळलेल्या बऱ्या.

काळसर शौचाची नोंद विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जठरातून रक्तस्राव झाल्यास शौच काळे होते, आणि लोहाच्या गोळ्यांनीही ते काळपट होते. केवळ 'काळे शौच' असे लिहिले असते, तर विशेषज्ञाने ती तातडीची अवस्था समजली असती; काहीच न लिहिले असते, तर रुग्णाने तेथे सांगितल्यावर गोंधळ झाला असता. गोळ्यांपूर्वीचा रंग नोंदवल्याने हा प्रश्न मिटतो.

लोहाच्या गोळ्यांचा उल्लेख आणखी एका कारणाने हवा. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीपूर्वी साधारण आठवडाभर त्या बंद ठेवाव्या लागतात, अन्यथा आतड्यात काळपट चिकट थर राहून नीट दिसत नाही. 'काही औषधे चालू आहेत का' असे विचारल्यावर अनेक रुग्ण या गोळ्या सांगत नाहीत, कारण ताकदीच्या गोळ्यांना ते औषध मानत नाहीत. दुकानातून आणलेल्या वेदनाशामकांचेही तसेच असते.

निरीक्षण आणि अनुमान

संदर्भपत्रातील सर्वांत घातक चूक म्हणजे अनुमानाला निरीक्षणाचे रूप देणे. उदाहरणातील डॉक्टरालाही वेदनाशामक गोळ्यांमुळे जठरात व्रण झाला असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण 'वेदनाशामकांमुळे झालेला जठरव्रण' असे लिहून पाठवले, तर केवळ जठराची तपासणी होईल. तेथे एखादा लहान व्रण दिसलाही, तर कारण सापडले असे समजून शोध तेथेच थांबेल. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातील कर्करोग मात्र पुष्कळदा दुखत नाही, शौचात डोळ्यांना रक्त दिसत नाही, आणि वाढता रक्तक्षय हेच त्याचे पहिले लक्षण असते. एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात. पाळी थांबलेल्या स्त्रीमध्ये कारण न सापडलेल्या लोहन्यूनतेसाठी दोन्ही टोकांची तपासणी सुचवली जाते, ती यामुळे.

अनुमान लिहूच नये असे नाही. रुग्णाला महिनोन्‌महिने पाहणाऱ्या डॉक्टराचे मत मोलाचे असते. ते 'मला असे वाटते' या शब्दांत, तपासणीपासून वेगळे लिहावे एवढेच.

तातडी

'अर्जंट' हा शब्द इतका वापरला जातो, की त्याला फारसा अर्थ उरलेला नाही. किती दिवसांत आणि का, हे लिहिणे अधिक उपयुक्त ठरते. उदाहरणातील स्त्रीची नाडी व रक्तदाब स्थिर आहेत, त्यामुळे रुग्णवाहिकेची गरज नाही. पण वजन घटले आहे, त्यामुळे दोन महिने थांबणेही योग्य नाही. याउलट सर्पदंशासारख्या अवस्थेत पत्राचा आकार चार ओळींवर येतो. दंशाची वेळ, दिलेल्या प्रतिविषाच्या कुप्या व वेळ, पापण्या मिटणे वा रक्त न गोठणे यांसारखी लक्षणे, एवढे पुरे. अशा वेळी पत्र लिहीत बसण्यापेक्षा पुढच्या रुग्णालयाला दूरध्वनी करणे आधी येते.

भाषा आणि चिठ्ठीचा प्रवास

महाराष्ट्रात अशी पत्रे बहुतांशी इंग्रजीत लिहिली जातात आणि त्यांत संक्षेप भरपूर असतात. एकाच विभागात सहज कळणारा संक्षेप दुसऱ्या विभागात वेगळ्याच अर्थाने वाचला जाऊ शकतो. पत्र रुग्णाच्याच हाती असते, आणि त्याला ते वाचता येत नाही. म्हणून रुग्णाला काय सांगितले आहे, ही शेवटची ओळ उपयोगी पडते: कर्करोगाची शंका त्याच्या कानावर प्रथम एखाद्या अनोळखी खोलीत पडू नये.

रुग्ण कोणाकडे पाठवायचा, हा निर्णय पैशाशी जोडला जाण्याचा धोकाही असतो. रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली देणे-घेणे वरील आचारसंहितेने निषिद्ध ठरवले आहे. या 'कट प्रॅक्टिस'ला आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात २०१७ मध्ये स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. ज्या पत्रात वैद्यकीय प्रश्न नाही आणि केवळ विशिष्ट डॉक्टराचे नाव आहे, त्याबद्दल शंका येणे साहजिक आहे.

उत्तराचे पत्र

विशेषज्ञाच्या उत्तरात विचारलेल्या प्रश्नाचे सरळ उत्तर, काय आढळले, काय सुरू केले वा थांबवले, आणि पुढचे काम कोणाचे, एवढे असावे लागते. उदाहरणात उतीपरीक्षेचा अहवाल कोण आणणार, लोह शिरेतून द्यायचे असल्यास ते पौडला देता येईल का, पुढील हिमोग्लोबिन कधी तपासायचे, हे त्यात यायला हवे. उत्तरात 'रुग्ण पाहिला, उपचार दिले' एवढेच असेल, तर मूळ पत्रातही प्रश्न होता का, हे डॉक्टराने आपल्याकडील प्रत काढून पाहावे. ती प्रत जपून ठेवावी लागते, कारण आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवणे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरावर बंधनकारक आहे. बाह्यरुग्णांच्या पत्रांनाही हाच शिरस्ता लावणे सोयीचे ठरते.