सरासरीने घडवलेल्या लाटा

संख्याशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला कालश्रेणीचा एक गृहपाठ हमखास असतो. रोजचे आकडे दिलेले असतात. त्यांची तीन दिवसांची चल सरासरी काढायची आणि मग स्वसहसंबंध तपासायचा, म्हणजे आजचा आकडा कालच्या आकड्याशी कितपत बांधलेला आहे ते पाहायचं. बरेच विद्यार्थी ही दुसरी पायरी सरासरीच्या आकड्यांवरच करतात. उत्तर ०.६७ च्या आसपास येतं आणि ते लिहून मोकळे होतात, "आकड्यांत ठळक कल आहे, उद्याचा अंदाज बांधता येईल."

हा निष्कर्ष किती फसवा आहे, ते फासा टाकून पाहा. समजा, दान पडलं २, ६, १, ५, ५, ३, ४, १. कुठल्याही दानाचा आधीच्या दानाशी संबंध नाही. आता तीन-तीन दानांची सरासरी काढा: ३, ४, ३.६७, ४.३३, ४, २.६७. दोनावरून सहावर आणि सहावरून एकावर मारलेल्या उड्या गायब झाल्या. आकडे हळूहळू चढतात, मग उतरतात. कागदावर आलेख काढला तर छान लाट दिसते.

ती आली कुठून? पहिल्या सरासरीत २, ६, १ आहेत, दुसरीत ६, १, ५. तीनपैकी दोन दानं दोन्हींत सामाईक आहेत, म्हणून शेजारच्या सरासऱ्यांचा स्वसहसंबंध सिद्धान्ततः दोन तृतीयांश येतो. एक सोडून पुढची घेतली तर सामाईक दान एकच, म्हणून एक तृतीयांश. तीन पावलांवर सामाईक काहीच उरत नाही, तिथे शून्य. फाशाने यात काहीही केलेलं नाही. हा संबंध सरासरी काढणाऱ्याने निर्माण केला आहे.

रशियन संख्याशास्त्रज्ञ येवगेनी स्लुत्स्की यांनी १९२७ साली नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं. सरकारी लॉटरीत निघालेल्या क्रमांकांचे शेवटचे अंक घेऊन त्यांनी दहा-दहा अंकांच्या फिरत्या बेरजा केल्या. निघालेला आलेख १८५५ ते १८७७ मधल्या इंग्लंडच्या व्यापारी तेजी-मंदीच्या आलेखाशी चकित व्हावं इतका जुळत होता. तेजी-मंदीला ठरावीक मुदतीचं गुप्त चक्र असलंच पाहिजे, या समजुतीला त्यामुळे जबर हादरा बसला. माझ्या मते हा प्रयोग गृहपाठाच्या आधी शिकवायला हवा.

मग गृहपाठ करायचा कसा? स्वसहसंबंध मूळ आकड्यांवर काढावा. ते स्वैर असतील तर शंभर निरीक्षणांत तो बहुतेक वेळा उणे ०.२ ते अधिक ०.२ च्या पट्ट्यात राहतो. ही मर्यादा म्हणजे २ भागिले निरीक्षणांच्या संख्येचं वर्गमूळ. मूळ आकडे हाती नसतील आणि फक्त सात दिवसांची सरासरी छापलेली असेल, तर पहिल्या पावलावरचं ०.८६ पाहून हुरळून जाऊ नये. सातांत सहा दिवस सामाईक असल्यावर तेवढं येणारच. पाहायचं ते सातव्या पावलावर आणि त्यापुढे. तिथेही संबंध त्या पट्ट्याच्या बराच बाहेर राहिला, तर तो सरासरीच्या माथी मारता येत नाही. मात्र सरासरीच्या आकड्यांसाठी हा पट्टा बराच रुंद धरावा लागतो, कारण शेजारचे आकडे एकमेकांना चिकटलेले असल्याने शंभर सरासऱ्यांत शंभर स्वतंत्र निरीक्षणांइतकी माहिती नसते.