यादीतल्या रंगीत खुणा

कामांच्या यादीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 🔴, 🔷 किंवा ⭐ असा एखादा इमोजी घातला, की ते काम कोणत्या प्रकारचे आहे हे ओळ वाचण्याआधीच कळते. नोट्सच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये रंग आणि लेबले यांची सोय असतेच, पण ती सहसा पूर्ण टिपणाला लागू होते. गुगल कीपमध्ये टिपणाची पार्श्वभूमी पिवळी करता येते, टिपणाला लेबलही लावता येते; त्या टिपणातल्या चाळीस ओळींपैकी सातवी ओळ तेवढी निळी करायची म्हटले तर मार्ग नाही. ती उणीव इमोजी भरून काढतो, कारण तो चित्रासारखा दिसला तरी संगणकाच्या दृष्टीने एक अक्षरच असतो. ‘क’ जसा ओळीत कुठेही बसतो, तसा तोही बसतो.

इमोजी अक्षर असल्यामुळे तो मजकुराबरोबर प्रवास करतो. यादी कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, ईमेलमध्ये चिकटवली किंवा अ‍ॅप बदलून दुसरीकडे नेली, तरी खुणा जागच्या जागी राहतात. अ‍ॅपच्या लेबलांचे असे होत नाही. कीपमधले टिपण दुसऱ्या कोणाला वापरायला दिले, तरी आपण लावलेली लेबले त्याच्याकडे जात नाहीत. मात्र या पद्धतीच्या अडचणीही याच गुणातून निर्माण होतात. अ‍ॅपच्या लेखी इमोजी हे लेबल नसतेच, त्यामुळे तो चुकीचा पडला तर कोणी टोकत नाही, आणि तो शोधात सापडेल की नाही हे त्या अ‍ॅपच्या बांधणीवर ठरते.

कोणते इमोजी निवडायचे, याला थोडा इतिहास आहे. जपानी मोबाइल कंपन्यांचे इमोजी 2010 मध्ये युनिकोडच्या 6.0 आवृत्तीत घेतले गेले, तेव्हा त्यांत मोठे लाल आणि निळे वर्तुळ होते. पांढरे आणि काळे वर्तुळ युनिकोडमध्ये त्याआधीच आलेले होते. हिरवे, पिवळे, नारिंगी, जांभळे आणि तपकिरी वर्तुळ मात्र 2019 मधल्या 12.0 आवृत्तीची वाट पाहत राहिले, आणि लाल ते तपकिरी असे रंगीत चौकोनही तेव्हाच आले. त्यामुळे 2019 पूर्वीची यंत्रणा असलेल्या फोनवर, म्हणजे अँड्रॉइड 9 किंवा त्याहून जुन्या, 🟢 च्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो. यादी एकट्यापुरती असेल तर याची फिकीर नको. घरातल्या जुन्या फोनवर किंवा कार्यालयातल्या जुन्या संगणकावर तीच यादी उघडली जाणार असेल, तर जुने इमोजी घेणे शहाणपणाचे.

केवळ रंगावर विसंबण्यात आणखी एक खोट आहे. लाल आणि हिरवा यांत फरक न कळणे हा रंगांधत्वाचा सर्वांत आढळणारा प्रकार आहे, आणि नेमके हेच दोन रंग लोक ‘राहिले’ आणि ‘झाले’ यांसाठी सर्रास निवडतात. नजर चांगली असली तरी लहान अक्षरांत 🔵 आणि 🟣 एकमेकांत मिसळतात. पडदा गडद केला की ⚫ दिसेनासा होतो. म्हणून रंगाबरोबर आकारही वेगळा असलेला संच घ्यावा. 🔴 लाल गोल, 🔷 निळा हिरा, ⭐ पिवळी चांदणी आणि 🌿 हिरवी डहाळी हे चारही 2010 पर्यंत युनिकोडमध्ये आलेले आहेत आणि कृष्णधवल छापले तरी वेगळे ओळखू येतात. सातआठ रंगांच्या वर्तुळांची रांग पडद्यावर देखणी दिसते, पण दोन आठवड्यांनी नारिंगी म्हणजे काय होते ते आठवत नाही. चार खुणा पुष्कळ झाल्या, फार तर पाच.

खूण कशासाठी वापरायची, हा प्रश्न त्याहून कठीण आहे. पहिला मोह असतो तो निकड दाखवण्याचा: लाल म्हणजे आज, पिवळा म्हणजे या आठवड्यात, हिरवा म्हणजे सवडीने. पण निकड रोज बदलते. सोमवारी पिवळे असलेले काम शुक्रवारी लाल व्हायला हवे, आणि ते बदलण्याचे काम अ‍ॅप करत नाही, माणसाला करावे लागते. ते काही दिवसांतच सुटते, आणि मग खुणा खोटे सांगू लागतात. कामाचा प्रकार सहसा बदलत नाही, म्हणून इमोजी प्रकाराला द्यावा आणि निकडीसाठी सरळ तारीख लिहावी. हिरव्याचा घोळही यामुळे टळतो. नाहीतर एकाच यादीत हिरवा म्हणजे ‘झाले’, ‘करायला हरकत नाही’ आणि ‘घाई नाही’ असे तीन अर्थ नांदू लागतात.

ठाण्यातल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवाची यादी समजा. पैशांच्या कामांना 🔴, दुरुस्ती-देखभालीला 🔷, सभा आणि कायदेशीर कामांना ⭐, स्वच्छता आणि बागेला 🌿 असे ठरले. महाराष्ट्रात सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते. तेव्हा ऑगस्टअखेरची यादी साधारण अशी दिसेल:

```
⭐ वार्षिक सभेची नोटीस लावणे – 10 सप्टेंबर
🔷 लिफ्टचा देखभाल करार संपतोय – 15 सप्टेंबर
🔴 दुकान क्र. 2 ची थकबाकी, स्मरणपत्र
🌿 गच्चीवरची टाकी धुणे – पाऊस ओसरल्यावर
🔷 जिन्यातला दिवा, बी विंग
```

पहिली अडचण लिफ्टच्या ओळीवर येते. करार दुरुस्तीत मोडतो, पण धनादेश खजिनदाराने काढायचा आहे. मग 🔷 की 🔴? दोन्ही लावले तर काही दिवसांत निम्म्या ओळींवर दोनदोन खुणा होतात आणि नजरेला काहीच वेगळे दिसत नाही. यावर उपयोगी पडणारा नियम म्हणजे पुढचे पाऊल कोणी उचलायचे ते पाहून खूण लावणे. कंपनीकडून दरपत्रक यायचे असेल तोवर 🔷. दरपत्रक मंजूर होऊन फक्त धनादेश उरला, की 🔴. ही खूणही मग बदलते खरी, पण काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना एकदाच, आणि तेव्हा सचिव ती ओळ तशीही उघडणारच असतो. पंधरवड्याने खजिनदार येतो तेव्हा फक्त लाल गोल वाचले की पुरते.

खुणांचे अर्थ एका ओळीत लिहून यादीच्या डोक्यावर ठेवावेत, विशेषतः यादी दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार असेल तर. लिहिण्याची सोय आधीच केलेली बरी, कारण दरवेळी इमोजींचे पान उघडून शोधायचे म्हटले की कंटाळा येतो. आयफोनमध्ये सेटिंगमधल्या कीबोर्डच्या भागात संक्षेप ठरवता येतात. गुगलच्या जीबोर्डमध्ये हेच काम वैयक्तिक शब्दकोशात होते. ‘पप’ टंकले की 🔴 सुचावा, असे त्यात नोंदवता येते. जीबोर्डचा हा शब्दकोश भाषेनुसार वेगळा असतो, म्हणून नोंद मराठीखाली किंवा सर्व भाषांखाली करावी. विंडोज संगणकावर विंडोज की आणि पूर्णविराम एकत्र दाबला की इमोजींची चौकट उघडते.

या खुणांचा खरा फायदा शोधात आहे. शोधपेटीत 🔴 घातला आणि पैशांची सगळी कामे समोर आली, तर तो इमोजी लेबलाचे काम पुरेपूर करतो. पण सगळ्या अ‍ॅपमध्ये हे जमत नाही. वेगवान शोधासाठी अनेक अ‍ॅप मजकुराचे शब्द सुटे करून सूची बनवतात, आणि ती करताना काही यंत्रणा फक्त अक्षरे आणि अंक ठेवून बाकीची चिन्हे गाळतात. अनेक अ‍ॅपमध्ये वापरल्या जाणाऱ्या एसक्यूलाइट या माहितीसाठ्यातला पूर्ण-मजकूर शोध मूळ मांडणीत असेच करतो. त्यामुळे खुणा लावायला सुरुवात करण्यापूर्वी दोनतीन ओळींवर एक इमोजी लावून तो शोधून पाहावा. सापडत नसेल तर इमोजीला एक शब्द चिकटवावा: ‘🔴पैसे’. डोळे गोल पाहतात, शोध शब्द पकडतो.

कधीकधी शोध इतर बाबतींत नीट चालतो आणि एखादाच इमोजी सापडत नाही. दूरध्वनीचे चिन्ह मुळात साधे काळे छापील चिन्ह होते. ते रंगीत दिसावे म्हणून त्यामागे एक अदृश्य अक्षर जोडले जाते, आणि एका फोनने ते जोडले, दुसऱ्याने नाही, असे होऊ शकते:

```
☎    U+260E
☎️   U+260E U+FE0F
```

दोन्ही पडद्यावर जवळजवळ सारखीच दिसतील, पण काटेकोर शोधाला ती दोन वेगळी आहेत. त्वचेचा रंग बदलता येणाऱ्या इमोजींचीही हीच गत: 👷 शोधला तर 👷🏽 सापडेलच असे नाही. वर सुचवलेल्या चार खुणांत असे जोड-अक्षर लागत नाही, हेही त्या निवडण्याचे एक कारण.

यादी किंवा टिपणांची शीर्षके नावानुसार लावायची झाली, तर क्रम मनासारखा लागत नाही. काही अ‍ॅप भाषेचे नियम पाळतात आणि चिन्हे अक्षरांच्या आधी घेतात. काही निव्वळ युनिकोडच्या क्रमांकावर जातात आणि मग इमोजी असलेली शीर्षके देवनागरी शीर्षकांच्या खाली जातात. क्रमांकानुसार वर्तुळे लाल, निळे, नारिंगी, पिवळे, हिरवे अशी लागतात, कारण लाल-निळे 2010 च्या गटातले आणि बाकीची 2019 च्या. ठरावीक क्रम हवाच असेल तर इमोजीआधी अंक लिहावा: ‘1🔴’, ‘2🔷’.

पडदा न पाहता ऐकून फोन वापरणाऱ्यांसाठी आणखी एक पथ्य आहे. पडदावाचक प्रत्येक इमोजीचे नाव उच्चारतो. एक खूण चालून जाते. ओळीआधी चार चित्रे असतील, तर मूळ काम कानावर पडायला तेवढा वेळ थांबावे लागते.

काही साधनांत इमोजीला पक्का अर्थ दिलेला असतो. ऑब्सिडियन या टिपणांच्या अ‍ॅपसाठी ‘टास्क्स’ नावाचे जोड-साधन मिळते. त्यात 📅 म्हणजे अंतिम तारीख, 🛫 म्हणजे सुरुवातीची तारीख, 🔁 म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा येणारे काम, ⏫ म्हणजे मोठी निकड, आणि काम पूर्ण झाले की साधन स्वतःच ✅ आणि तारीख जोडते:

```
- [ ] ⭐ वार्षिक सभेची नोटीस लावणे ⏫ 📅 2025-09-10
- [ ] 🌿 टाकी धुणे 🔁 every 6 months 📅 2025-10-15
```

इथे तारखेसमोरचा 📅 हटवला तर ती तारीख साधनाला कळतच नाही. हे साधन ओळ शेवटाकडून वाचत येते आणि अनोळखी मजकूर लागला की थांबते. म्हणून तारखेनंतर ‘खजिनदाराला विचारून’ असे शब्द लिहिले, तर ते काम तारखेच्या यादीतून गुपचूप गळते. आपल्या खुणा ओळीच्या सुरुवातीला, साधनाच्या शेवटी, आणि 📅 किंवा ✅ आपल्या वेगळ्या अर्थाने कुठेच न वापरणे, एवढे पाळले की दोन्ही एकाच ओळीत सुखाने राहतात.